बाटल्या गोळा करणारा माणूस: जर्मनच्या तोंडी परीक्षेतल्या एका चित्रवर्णनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत मी जर्मन शिकवते. आमची अकरावी-बारावीची मुलं आयबी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या डिप्लोमाची परीक्षा देतात आणि त्यातली बहुतेक ‘भाषा ब’ या विषयाच्या साध्या स्तराला बसतात. या स्तराची तोंडी परीक्षा शाळेतच होते. घेणारी मी, गुण देणारीही मी. नंतर काही ध्वनिमुद्रणं फेरतपासणीसाठी मंडळाकडे जातात. विषयाच्या एकूण गुणांपैकी 25 टक्के या एका परीक्षेवर असतात.

परीक्षेची सुरुवात चित्राने होते. विद्यार्थ्यासमोर पूर्वी न पाहिलेली दोन चित्रं ठेवतात, वेगवेगळ्या विषयसूत्रांवरची. त्यातलं एक त्याने निवडायचं. मग तयारीला 15 मिनिटं. शब्दकोश नाही, फोन नाही. कागदावर फार तर दहा छोटे मुद्दे लिहायला परवानगी असते. त्यानंतर तीन ते चार मिनिटं त्या चित्रावर एकट्याने बोलायचं. पुढची चार-पाच मिनिटं मी त्याच चित्रावर प्रश्न विचारते आणि शेवटची पाच-सहा मिनिटं वेगळ्या विषयावर गप्पा होतात.

एकूण 30 गुण. त्यातले 12 भाषेचे आणि 6 ‘चित्रावर जे बोललात त्याच्या आशयाचे’. या लेखात मुख्यतः या सहा गुणांविषयी बोलायचं आहे. कारण पूर्ण सहाच्या आसपास जायचं तर चित्रात दिसतं तेवढं सांगून भागत नाही. जे दिसत नाही पण सुचवलं गेलंय ते हेरावं लागतं, आपलं मत द्यावं लागतं आणि जर्मन भाषक समाजाशी त्याचा स्पष्ट धागा जोडावा लागतो. फक्त दिसणारं सांगितलं, तर ते कितीही बिनचूक असलं तरी तीन-चारावर गाडी थांबते.

हे प्रकरण एका मुलीचं आहे. तिचं नाव मी इथे मैत्रेयी ठेवते. घरी मराठी, शाळा पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची, जर्मन सहावीपासून. लेखी पेपरात चांगली. वर्गात कमी बोलायची, पण बोलली की नीट बोलायची.

अडचण

बारावीच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सराव परीक्षा घेतली. मैत्रेयीने निवडलेलं चित्र असं होतं: रेल्वे फलाटावर एक म्हातारा माणूस कचऱ्याच्या डब्यात वाकून हात घालतोय. दुसऱ्या हातात मोठी पिशवी, तीत रिकाम्या बाटल्या. मागे गाडी उभी. जवळच्या बाकावर एक बाई फोनमध्ये बघत बसली आहे आणि तिने आपली रिकामी बाटली डब्यात न टाकता डब्याच्या शेजारी जमिनीवर ठेवली आहे.

जर्मनीत राहिलेल्या कोणालाही हे चित्र लगेच उलगडतं. तिथे एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट अनामत असते. या अनामतीला ‘प्फांट’ म्हणतात. एकदाच वापरायच्या बाटल्यांवर ती सक्तीने 2003 पासून आहे. बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की पैसे मिळतात. त्यामुळे शहरांमध्ये टाकून दिलेल्या बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणारे लोक दिसतात, त्यात पेन्शन न पुरणारे म्हातारेही असतात. आणि त्यांना डब्यात हात घालावा लागू नये म्हणून अनेक जण बाटली डब्याशेजारी ठेवतात. चित्राची सगळी गोष्ट त्या जमिनीवरच्या बाटलीत होती.

मैत्रेयी 1 मिनिट 40 सेकंद बोलली. रात्री घरी मी ते ध्वनिमुद्रण ऐकून शब्दन् शब्द उतरवून काढलं. चौदा वाक्यं होती. त्यातली नऊ ‘मला दिसतं’ किंवा ‘तिथे आहे’ अशा सुरुवातीची. माणसाचे केस करडे, जाकीट निळं, गाडी लाल, बाई तरुण. एका ठिकाणी अकरा सेकंदांची शांतता होती, कारण ‘कचऱ्याचा डबा’ हा शब्द आठवत नव्हता. मग ती म्हणाली की माणूस कचरा टाकतोय. शेवटी पाठ केलेलं वाक्य आलं: मला हे चित्र आवडतं, कारण ते रंगीत आहे.

आशयाला मी सहापैकी 3 दिले, भाषेला 12 पैकी 6.

ती बाहेर आली तेव्हा रडवेली झाली होती. “मॅडम, मला सगळं दिसत होतं. पण सांगून झाल्यावर पुढे काय बोलायचं तेच कळेना.”

तिच्या या वाक्यातच निदान होतं, पण मला ते लगेच उमगलं नाही. आधी मी शब्दसंग्रहालाच दोष दिला. तिचा तयारीचा कागद पाहिला तेव्हा खरं कळलं. दहाच्या दहा मुद्दे नामं होती: माणूस, पिशवी, गाडी, बाई, बाक, फोन. पंधरा मिनिटं तिने चित्रातल्या वस्तूंची यादी करण्यात घालवली होती आणि मग तीच यादी वाचून दाखवली होती. यादी संपली तशी तीही थांबली.

आणि ती सवय माझीच देणगी होती, हेही इथे नोंदवायला हवं. नववी-दहावीत आम्ही चित्रवर्णनाला एक साचा देतो: पुढच्या भागात, मागच्या भागात, डावीकडे, उजवीकडे, मधोमध. ‘इम फोर्डरग्रुंट’, ‘इम हिंटरग्रुंट’. त्या वयात तो उपयोगी पडतो, कारण तेव्हा विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं पक्की करायची असतात. पण तो चित्राकडे बघायची पद्धत म्हणून मुलांच्या डोक्यात बसतो, आणि मग मूल चित्राची चौकट मोजत बसतं, त्यातली माणसं बघत नाही.

समोरचे पर्याय

फेब्रुवारीत अंतिम परीक्षा. मध्ये दिवाळीची आणि नाताळची सुट्टी. हातात आठ आठवडे, आठवड्याला एक जादा तास.

पहिला पर्याय मोठा साचा देण्याचा. काही शिकवण्यांत असा साचा मिळतो: वीस-बावीस वाक्यं, मध्ये रिकाम्या जागा. वेळ भरतो, घाबरलेलं मूल गप्प बसत नाही. पण ऐकणाऱ्याला पाठांतर तिसऱ्या वाक्याला कळतं, आणि आशयाचे गुण चित्राशी जोडलेले असल्यामुळे साच्याने चाराच्या वर जाता येत नाही. तो मी सोडला.

दुसरा पर्याय मैत्रेयीच्या आईने सुचवला. त्या भेटायला आल्या होत्या. “मॅडम, चित्रं तुम्हीच निवडता ना? मग सरावातल्यासारखंच एखादं ठेवा. खोटं करा असं नाही म्हणत मी, फक्त ओळखीचं.” त्यांची तळमळ मला कळत होती. पण चित्र न पाहिलेलं असावं हा नियम आहे, आणि ‘ओळखीचं’ ही त्या नियमाला पडलेली भेगच. मी नाही म्हटलं. बदल्यात एवढं कबूल केलं की सरावाची आठही चित्रं अवघडच निवडीन, म्हणजे परीक्षेत अवघड चित्राची धास्ती वाटणार नाही.

तिसरा पर्याय म्हणजे त्या पंधरा मिनिटांची वाटणीच बदलायची. भाषा फारशी सुधारणार नाही हे गृहीत धरायचं आणि तीच भाषा वेगळ्या कामाला लावायची. हा मी घेतला. यात धोका होता: जास्त गुंतागुंतीचं बोलायला गेली की चुका वाढतील आणि भाषेचे गुण घसरतील. तो मी पत्करला.

काय केलं

पहिल्या तासाला तेच फलाटाचं चित्र पुन्हा समोर ठेवलं आणि म्हटलं, जर्मन बाजूला ठेव, मराठीत सांग. घरी आजीला सांगशील तसं.

ती बोलू लागली. “एक आजोबा आहेत. गरीब असावेत. पण कपडे स्वच्छ आहेत म्हणजे रस्त्यावर राहत नसावेत. ते कचरा टाकत नाहीयेत, काढतायत. पिशवीत बाटल्याच बाटल्या आहेत. विकत असतील. ती बाई मुद्दाम बघत नाहीये बहुतेक, त्यांना लाज वाटू नये म्हणून.”

मी गप्प बसून ऐकत होते. जर्मनमध्ये जिला कचरा टाकणारा माणूस दिसला, तिला मराठीत सगळं दिसत होतं. आणि प्रत्येक वाक्याला ‘असावेत’, ‘नसावेत’, ‘असतील’, ‘बहुतेक’. मराठीत अंदाज बांधायला वेगळं वाक्य रचावं लागत नाही, क्रियापदाच्या रूपातच तो बसलेला असतो. जर्मनमध्ये बोलताना मात्र ती आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवायची, आणि चाचपडत जुळवलेल्या त्या वाक्यात अंदाज गळून पडायचा. उरायचं फक्त ‘माणूस आहे, पिशवी आहे’.

मग आम्ही ‘असावा’ची जर्मन सोय शोधली. तीनच घेतल्या, जास्त नाही. एक, वाक्यात नुसता ‘वोल’ हा छोटा शब्द घालायचा: ‘एर इस्ट वोल आर्म’, म्हणजे तो गरीब असावा. दोन, ‘फिलाइश्ट’, म्हणजे कदाचित. तीन, ‘इश ग्लाउबं, दास…’, म्हणजे मला वाटतं की.

तिसऱ्या रचनेत मुलांचा पाय हमखास अडखळतो, कारण ‘दास’ नंतरच्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं. मैत्रेयी इंग्रजीच्या चालीवर ‘दास एर झामेल्ट फ्लाशेन’ म्हणायची. मी फळ्यावर मराठी वाक्य लिहिलं: मला वाटतं की तो बाटल्या गोळा करतो. क्रियापद कुठे आहे? शेवटी. जर्मनही तसंच: ‘इश ग्लाउबं, दास एर फ्लाशेन झामेल्ट’. ती म्हणाली, “हे तर सोपं आहे.” सहा वर्षांत हा नियम तिला मी निदान दहा वेळा समजावला असेन, मराठीशेजारी ठेवून एकदाही नाही.

मुख्य वाक्यात मात्र मराठी मदतीला येत नाही. ‘मागे गाडी दिसते’ हे जर्मनमध्ये ‘इम हिंटरग्रुंट झीट मान आयनेन त्सूग’ असं होतं, क्रियापद दुसऱ्या जागी. तिथे ती शेवटपर्यंत अधूनमधून चुकत राहिली.

पंधरा मिनिटांची वाटणी अशी ठरली. पहिली दोन मिनिटं पेन हातात घ्यायचंच नाही. नुसतं बघायचं आणि मनात मराठीत तीन प्रश्न विचारायचे: इथे कोणाला काय हवंय? पाच मिनिटांपूर्वी काय झालं असावं? हे पुण्यात असंच दिसलं असतं का, नसेल तर का नाही? मग दहा मुद्दे लिहायचे, पण दिसणाऱ्या गोष्टींना फक्त तीन. अंदाजांना तीन, आणि प्रत्येक अंदाजापुढे चित्रातला पुरावा. जर्मन समाजाशी जोडणारे दोन. स्वतःच्या मताचे दोन. उरलेला वेळ पहिलं आणि शेवटचं वाक्य मनात घोळवायला.

अडलेल्या शब्दासाठी एकच नियम: तीन सेकंदांत आठवला नाही तर त्याचं काम सांगायचं. कचऱ्याचा डबा आठवत नाही? ‘दास इस्ट फ्यूर म्युल’, हे कचऱ्यासाठी असतं, आणि पुढे जायचं.

चौथ्या आठवड्यापर्यंत ती सव्वातीन मिनिटं बोलायला लागली होती. मग दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली बिघडली ती उत्साहाने. बागेतल्या बाकावर दोन टोकांना बसलेल्या म्हातारा-म्हातारीचं चित्र होतं. मैत्रेयीने सांगितलं की त्यांचा घटस्फोट झालाय, मुलगा परदेशी आहे आणि आज त्याचा वाढदिवस आहे. जर्मन बरं होतं. पण चित्रात यातलं काहीच नव्हतं. मी तिला कागदावरच्या पुराव्याच्या जागा दाखवल्या. त्या रिकाम्या होत्या. त्यानंतर आम्ही नियम कडक केला: पुरावा लिहिता आला नाही तर अंदाज खोडायचा.

दुसरी चूक माझी. जर्मन समाजाचा धागा तिला सुचत नव्हता म्हणून मी एक पान लिहून दिलं: प्फांट, रविवारी बंद असणारी दुकानं, शाळांचे प्रकार, कचऱ्याचे वेगवेगळ्या रंगांचे डबे. पुढच्याच आठवड्यात शाळेच्या मधल्या सुट्टीचं चित्र आलं आणि तिने एका मुलाच्या हातातली पाण्याची बाटली पकडून थेट प्फांटवर भाषण सुरू केलं. एक साचा मोडून मी तिच्या हाती दुसरा दिला होता. ते पान परत घेतलं. त्याऐवजी ती रोज दहा मिनिटं जर्मन मुलांसाठीच्या बातम्या बघू लागली, आणि मी फक्त एवढंच विचारायची की आज तुला काय विचित्र वाटलं. जे विचित्र वाटतं तिथे दोन समाजांतला फरक असतो, आणि चित्रात नेमका तोच हेरायचा असतो.

फलाटाच्या चित्रावर आम्ही शेवटी एकदा परत आलो. तेव्हा तिने पुण्यातल्या कचरावेचक बायकांशी तुलना केली: आपल्याकडे ‘स्वच्छ’सारखी त्यांची सहकारी संस्था आहे, दारोदार कचरा घेण्याचं ते काम आहे, तिथला म्हातारा एकटाच आहे आणि लोकांच्या नजरा चुकवतो. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

प्रत्यक्ष परीक्षा

फेब्रुवारीत तिच्यासमोर दोन चित्रं आली. एक नाताळच्या बाजाराचं: दिवे, गर्दी, खाण्याचे ठेले. दुसरं जर्मनीतल्या भाड्याच्या छोट्या बागांच्या वसाहतीचं. शहरातल्या लोकांना भाजीपाला आणि फुलं लावायला अशा बागा मिळतात. कायद्याने एक तुकडा 400 चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा असा नियम आहे आणि प्रत्येक वसाहतीचे आपले बारीकसारीक नियम असतात. चित्रात एक माणूस खुर्चीवर हाताची घडी घालून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसला होता. शेजारी गवत कापायचं यंत्र. अर्धं गवत कापलेलं, अर्धं तसंच. कुंपणावरच्या पाटीवर 13 ते 15 असे आकडे. मागे दूर एक बाई वाफ्यात गुडघ्यांवर बसलेली.

माझी खात्री होती की ती बाजाराचं चित्र घेईल. तिला त्यातले सगळे शब्द येत होते. तिने बागेचं उचललं. नंतर कारण विचारलं तर म्हणाली, “मॅडम, बाजारात वस्तू खूप होत्या, पण घडत काहीच नव्हतं.”

ती 3 मिनिटं 20 सेकंद बोलली. वस्तूंचं वर्णन चाळीस सेकंदांत संपवलं. मग म्हणाली की माणूस बहुतेक थांबलाय, कारण अर्धं गवत कापायचं राहिलंय आणि पाटीवर वेळ आहे. दुपारी यंत्राचा आवाज करायला बंदी असावी. ‘कुंपण’ आठवलं नाही, तिने ‘ही बागेची भिंत आहे, पण लाकडाची’ असं सांगितलं आणि पुढे गेली. मग ती पुण्यावर आली. आमच्या शहरातली जुनी दुकानंही दुपारी एक ते चार बंद असतात आणि बाहेरचे लोक त्यावर हसतात. पण तिथे दुकानदार स्वतः झोपतो, इथे हा माणूस शेजाऱ्याच्या झोपेसाठी थांबलाय. स्वतःचं मत तिने असं दिलं की तिला एवढे नियम आवडणार नाहीत, पण बारावीचा अभ्यास करताना शेजारी ड्रिल चालू असतं तेव्हा असा नियम हवासा वाटतो.

आशयाला मी 5 दिले, भाषेला 7. सहावा गुण गेला तो मागच्या बाईमुळे. तिच्याबद्दल मैत्रेयी चकार शब्द बोलली नाही, आणि ती बाई महत्त्वाची होती: विश्रांतीच्या वेळेतही हाताने, आवाज न करता काम चालतं हे तीच दाखवत होती. प्रश्नोत्तरांत मी तिच्याकडे बोट केलं तेव्हा मैत्रेयीला ते लगेच दिसलं, पण एकट्याने बोलायचा भाग तेव्हा संपला होता. भाषेच्या चुका बऱ्याचशा होत्या तशाच राहिल्या. यंत्र ‘उभं आहे’ आणि पाटी ‘लटकते आहे’ यांना जर्मनमध्ये वेगळी क्रियापदं लागतात. ती मराठीसारखं दोन्हीकडे ‘आहे’च म्हणाली.

पुन्हा करायचं झालं तर

दिसणाऱ्या गोष्टींना तीनच मुद्दे ही मर्यादा मी आता थोडी सैल ठेवीन. मागची बाई त्या मर्यादेमुळेच सुटली असं मला वाटतं. तीन मुद्दे भरले आणि तिची नजर तिथे थांबली. आता मी मुलांना सांगते की मुद्दे लिहून झाले की चित्रातल्या प्रत्येक माणसावर एकदा बोट ठेवा. ज्याच्याबद्दल कागदावर काही नाही, तो तिथे का आहे ते विचारा.

ध्वनिमुद्रण उतरवून काढायचं काम मी एकटीने केलं, तेही चुकलंच. पुढच्या तुकडीत ते मुलांनाच करायला दिलं. स्वतःची नऊ ‘मला दिसतं’ स्वतःच्या हाताने लिहिली की मला काही बोलावं लागत नाही.

सर्वांत मोठी चूक वेळेची. मराठीत आधी बोलायचा प्रयोग बारावीच्या दिवाळीत करण्यासारखा नव्हता, तो अकरावीच्या पहिल्या महिन्यात व्हायला हवा होता. वर्गात दुसरी भाषा येऊ द्यायची नाही या शिस्तीत मी स्वतः तयार झाले, त्यामुळे हात धजावत नव्हता.

पण हा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही. या वर्षीच्या तुकडीत हिंदी बोलणाऱ्या मुलांना ‘होगा’ आहे, त्यामुळे त्यांचं काम तसंच झालं. दोन मुलांच्या घरी मात्र फक्त इंग्रजी बोलतात. मराठी त्यांना कळते, पण त्यांच्या तोंडी ‘असावा’ सहज येत नाही. त्यांच्यासाठी मी सध्या चित्राखाली ‘कशावरून?’ एवढीच चिठ्ठी ठेवते आणि प्रत्येक वाक्याला थांबवून ती दाखवते. एकाला ती उपयोगी पडते आहे. दुसरा अजून जाकिटाचा रंग सांगतो.